“सर, पॉइंटला काय रेट लावू?” या प्रश्नाचं उत्तर मी का देत नाही

वायरिंगचं काम करणारा कुठलाही विद्यार्थी बॅचमध्ये आला की पहिल्या तासाला हा प्रश्न येतोच. “सर, मटेरियलसकट पॉइंटला काय रेट लावू? आमच्या गावात अमुक चालतो.” मी आकडा सांगत नाही. लोकांना वाटतं सर हातचं राखून ठेवतात. तसं नाही. मटेरियलसकट सगळ्या पॉइंटना एकच रेट लावणं हीच धंद्यातली चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देता येत नाही.

आपल्या बॅचमधल्या एका वायरमनचं काम घेऊन बोलू. हात चांगला, काम स्वच्छ. खालच्या मजल्याचं दोन बेडरूमचं घर, वर गच्ची. मालकाने नकाशा दाखवला, याने मोजले ४५ पॉइंट. पॉइंटला १,४०० रुपये, वायर, पाईप, मॉड्युलर स्विच, डीबी, मजुरी सगळं आलं. झाले ६३,००० रुपये. मालक खूश, हाही खूश. काम संपल्यावर बिलं घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, पैसे कुठे गेले तेच कळत नाही. मी तर एक रुपया उधळला नाही.”

मी वही काढली आणि त्याला विचारलं, ४५ पॉइंट म्हणजे नेमकं काय काय?

त्यात २६ साधे पॉइंट होते, म्हणजे दिवे, पंखे, एक्झॉस्ट आणि बेल. १० प्लग बोर्डावरचेच. ६ पॉवर पॉइंट: फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन, मिक्सर, चिमणी आणि पाण्याची मोटर. एसी एक, गिझर एक. आणि गच्चीच्या जिन्याचा टू-वे एक. त्याच्या हिशोबात हे सगळे सारखे, प्रत्येकी १,४००.

आता एक साधा दिवा घ्या. बोर्ड जमिनीपासून चार फुटांवर, छत दहा फुटांवर. सहा फूट वर चढायचं, मग छतातून सरासरी दहा फूट आडवं जायचं. झाले सोळा फूट, म्हणजे साधारण पाच मीटर. फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन वायरी, म्हणजे १५ मीटर. दीड एमएमची ९० मीटरची कॉइल त्याने १,९०० ला घेतली होती. एका कॉइलमध्ये सहा पॉइंट बसतात, म्हणजे पॉइंटमागे वायर झाली ३१७ रुपयांची. (दुकानात आपण ‘दीड एमएम’ म्हणतो ते खरं तर दीड चौरस मिलिमीटर, पण असो.) स्विच, पाईप, बोर्डाचा वाटा धरला तरी १,४०० मध्ये या पॉइंटला बऱ्यापैकी पैसे सुटतात.

बोर्डावरचा प्लग तर लॉटरीच. पाईप नाही, झिरी नाही, बोर्डातल्या बोर्डात वायरीचे तुकडे. एक स्विच ५० चा, एक सॉकेट १२० चं. आणि घेतले १,४००!

आता पॉवर पॉइंट बघा. त्याला डीबीपासून स्वतंत्र लाइन. याच्या घरात सरासरी अंतर पडलं नऊ मीटर. तीन वायरी म्हणजे २७ मीटर, अडीच एमएमची. कॉइल ३,००० ची, म्हणजे मीटरला सुमारे ३३ रुपये. नुसत्या वायरीचे झाले ९००. सोळा अँपिअरचा स्विच आणि सॉकेट ३५०. इथेच १,२५० झाले, अजून बॉक्स-प्लेट, पाईप, झिरी, मजुरी सगळं बाकी. एसीचं तर विचारूच नका: अकरा मीटर, तीन वायरी, चार एमएम, कॉइल ४,७०० ची. वायरीचेच १,७०० च्या वर. म्हणजे मालकाने दिलेल्या पैशात वायरसुद्धा येत नव्हती.

मग हा एक रेट आला कुठून? हा त्याच्या उस्तादाने शिकवलेला हिशोब. उस्तादाच्या काळात एका घरात एखादा पॉवर पॉइंट असायचा, फार तर गिझरचा. बाकी सगळे दिवे, पंखे आणि बोर्डावरचे प्लग. स्वस्त पॉइंट भरपूर आणि महाग पॉइंट एखादा, त्यामुळे सरासरी जुळायची. उस्ताद चुकीचा नव्हता. आता एकट्या किचनमध्ये चार पॉवर पॉइंट लागतात. रेट दरवर्षी थोडा वाढवला, पण पॉइंटचं मिश्रण बदललं ते कुणी मोजलंच नाही.

आणि काही गोष्टी पॉइंटमध्ये कधीच नसतात. डीबीपासून प्रत्येक बोर्डापर्यंतची सर्किट लाइन, मीटरपासून डीबीपर्यंतची मेन, एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंगचा खड्डा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं दरपत्रक कधी चाळा. तिथे पॉइंट हा स्विचबोर्डापासून पुढे मोजतात आणि डीबीपासून बोर्डापर्यंतची लाइन वेगळी, मीटरवर मोजतात. सरकारी कागद कंटाळवाणे असतात, पण हे त्यांनी बरोबर केलंय.

आमच्या वायरमनचं शेवटी काय झालं? वायर २४,००० ची: दीडच्या सात कॉइल, अडीचच्या दोन, चारची एक. स्विच, सॉकेट, रेग्युलेटर, प्लेट, बॉक्स मिळून १२,००० च्या जरा वर. पाईप आणि किरकोळ ५,०००. डीबी आणि त्यातला माल ६,५००. मेन आणि अर्थिंग ५,५००. एकूण ५३,०५०. हातात उरले ९,९५०. हेल्परला १२ दिवसांचे ६०० प्रमाणे ७,२०० गेले. स्वतःला राहिले २,७५०. दिवसाला २२९ रुपये! त्याचा हेल्पर त्याच्यापेक्षा अडीचपट जास्त कमावून गेला.

मी सांगतो ती पद्धत अशी. मजुरी पॉइंटवरच घ्या, त्यात काही वाईट नाही. फक्त पॉइंटचे प्रकार करा आणि प्रत्येक प्रकार कागदावर लिहा. याच घराला आम्ही पुन्हा मजुरी लावून बघितली: साधा पॉइंट ३००, बोर्डावरचा प्लग १००, पॉवर ४५०, एसी-गिझर ६००, टू-वे ६००. टू-वेला दुप्पट का, तर दोन बोर्ड, दोन स्विच आणि वर-खाली जाणाऱ्या जादा वायरी असतात, आणि त्याने तो एकच दिवा म्हणून मोजला होता. पॉइंटची मजुरी झाली १३,३००. डीबी बसवायचे १,५००, मेन आणि अर्थिंगचे २,०००. एकूण १६,८००. हेल्पर वजा केला तर ९,६०० उरतात, दिवसाला ८००. हे दर त्याच्या तालुक्याचे आहेत, पुण्या-मुंबईत जसेच्या तसे लावू नका. प्रकारांमधलं प्रमाण मात्र तपासून बघा.

मटेरियल वेगळं, कंपनी आणि साईझ लिहून, त्या दिवसाच्या भावाने. आणि खाली एक ओळ: “मालाचा भाव दहा दिवसांपुरता.” याचं कारण तांबं. ९० मीटरच्या दीड एमएम कॉइलमध्ये साधारण १.२ किलो तांबं असतं, अडीचच्या कॉइलमध्ये २ किलो, चारच्या कॉइलमध्ये ३.२ किलो. या घराच्या दहा कॉइलमध्ये मिळून साडेपंधरा किलोच्या वर तांबं गेलं. किलोमागे शंभर रुपये वाढले तर दीड हजार रुपये तुमच्या खिशातून जातात, काहीही चूक नसताना.

आता तुम्ही म्हणाल, “सर, मालकाला एकच आकडा हवा असतो.” द्या की! शेवटी एकच आकडा द्या, पण त्याच्या वर हा तक्ता असू द्या. या पद्धतीने मालकाला ६९,८५० पडले असते, म्हणजे ६,८५० जास्त. आणि शेजारच्या गावातला माणूस १,३०० चा रेट घेऊन उभाच असतो, हे खरं आहे. तो कुठून वाचवतो ते मालकाला सांगता आलं पाहिजे, कुणाचं नाव न घेता.

पहिली कात्री अर्थ वायरीवर चालते. दिव्या-पंख्याला हिरवी वायर टाकलीच नाही तर २६ पॉइंटमध्ये १३० मीटर, म्हणजे जवळजवळ दीड कॉइल वाचते. दिवा लागतोच, मालकाला काही कळत नाही. दुसरी कात्री: मिक्सरचा आणि ओव्हनचा पॉइंट डीबीपासून न आणता जवळच्या लाइट बोर्डातून दीडच्या वायरीवर मारायचा. तोही चालतो, ओव्हन आणि इस्त्री एकदम लागेपर्यंत. मग एमसीबी पडते, आणि पुढे कुणीतरी जास्त अँपिअरची एमसीबी बसवून ‘रिपेअर’ करतो. तिथून वायर तापायला लागते. तिसरी कात्री आरसीसीबीवर.

हे ओळखणं सोपं आहे. कुठलीही एक प्लेट उघडायला सांगा. हिरवी वायर आहे का बघा. वायरीवर छापलेलं वाचा: साईझ, आयएसआय मार्क आणि आयएस ६९४. पॉवर सॉकेटची वायर लाइटच्या वायरीपेक्षा जाड दिसलीच पाहिजे. हे मालकाला काम सुरू व्हायच्या आधी शिकवा, म्हणजे दोन कोटेशनची तुलना तो स्वतः करेल.

एकच रेट चालतो ती एक जागा मी मान्य करतो. बिल्डरचे चाळीस फ्लॅट असतील, सगळे एकाच नकाशाचे, तर एक फ्लॅट पूर्ण करून खर्च काढा आणि पॉइंटने भागा. तिथे मिश्रण बदलत नाही. स्वतःचं घर बांधणारा माणूस मात्र प्लास्टर झाल्यावर सांगतो की टीव्ही दुसऱ्या भिंतीवर घेऊ, आणि हो, इन्व्हर्टर पण लावायचाय. प्लास्टरनंतरच्या पॉइंटचा रेट दुप्पट, गवंड्याचं काम मालकाकडे, इन्व्हर्टरची लाइन वेगळी. हेही आधीच लिहून ठेवा.

त्या वायरमनने पुढच्या घराला असं कोटेशन दिलं. मालकाने दोन दिवस घेतले, तक्ता वाचला आणि फोन करून म्हणाला, “एसीचा एक पॉइंट कमी करा, आणि प्लेट जरा साध्या घ्या.” मजुरीच्या आकड्याबद्दल तो काही बोलला नाही.