'अयांश' म्हणजे खरंच पहिला किरण?

सध्या बारशांमध्ये 'अयांश' नाव जोरात आहे. बाळांच्या नावांच्या साइट्सवर अर्थ दिसतो, 'प्रकाशाचा पहिला किरण'. ताईला आवडलं, पण पत्रिका छापायच्या आधी मी तपासायला घेतलं. पाच साइट्स उघडल्या, सगळीकडे तेच शब्द. म्हणजे हे पाच पुरावे नाहीत, एकाच ओळीचं कॉपी-पेस्ट आहे.

मग कलोन विद्यापीठाच्या साइटवर गेलो. तिथे मोनिअर-विल्यम्स आणि आपल्या वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश फुकट शोधता येतो. अख्खं नाव मिळालं नाही. तेवढ्यावरून ते चूक ठरत नाही, कारण सगळे जोडशब्द कोशात नसतातच. म्हणून फोड केली: अय + अंश. 'अंश' म्हणजे भाग. 'अय' म्हणजे जाणं, आणि शुभ दैवसुद्धा. अमरकोशातही हा दुसरा अर्थ आहे. म्हणजे फार तर 'सुदैवाचा अंश'. किरण कुठेच नाही.

एक गंमत: फक्त Ayansh वाचून शोधू नका. 'आय' धरलं तर 'उत्पन्नाचा हिस्सा' होतो!

ताईने नाव तेच ठेवलं, पत्रिकेतला किरण मात्र काढला.