टाच टेकते का?

दीड वर्षाचं मूल चवड्यांवर चालताना दिसलं की घरात दोन मतं हमखास निघतात. दादी म्हणते, "याचा अब्बाही असाच चालायचा, होईल ठीक." कुणीतरी खाला म्हणते, "पायाची शीर आखडली असेल, दाखवून घ्या." मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, त्यामुळे ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात येण्याआधी असं एखादं मूल माझ्यासमोर चालवून दाखवलं जातं. दहापैकी नऊ वेळा मी दादीच्या बाजूने असते. जिच्या बाजूने मी नव्हते, अशी एक दादी मला भेटली. तिच्या नातवाबद्दल लिहायचं आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.

आधी दादीचं बरोबर कधी असतं ते सांगते. मूल साधारण एक ते दीड वर्षात चालायला लागतं, आणि पहिले काही महिने त्याचं शरीर तोल शोधत असतं. पाय फाकवायचे, हात वर धरायचे, मधेच चवड्यांवर उठायचं, असे सगळे प्रयोग ते करून पाहतं. दोन वर्षांच्या आसपास टाच आधी टेकण्याची सवय लागते, तिसरं संपेपर्यंत ती पक्की होते. स्वीडनच्या एका भागात साडेपाच वर्षांच्या सगळ्या मुलांची पाहणी झाली होती. २०१२ साली तिचे निष्कर्ष आले. सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी अशी चालत होती आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांची सवय तोवर सुटली होती. इतर बाबतीत निरोगी असलेल्या या मुलांना काही आजार नव्हता.

अशा मुलाला "टाच खाली ठेव" असं सांगितलं तर ते ठेवतं, आणि दोन मिनिटांनी विसरतं. उभं राहून खेळताना त्याची टाच जमिनीवर असते. उकिडवं बसलं तरी टाचा टेकलेल्या राहतात. दोन्ही पाय सारखे वागतात. धावणं, चढणं, बोलणं, हाक मारल्यावर वळून पाहणं, हे सगळं वयाप्रमाणे चाललेलं असतं. त्याला दिवसभर टोकू नका, एवढंच मी सांगते. घरात बसून ढकलायचा वॉकर असेल तर तो माळ्यावर टाका. त्यात मूल लोंबकळत चवड्यांनी जमीन रेटतं, आणि पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडाने २००४ मध्ये या वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा कितीतरी बरा, कारण त्याच्या मागे मुलाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं.

आता तो नातू. साडेचार वर्षांचा होता. दादी त्याला घेऊन आली ती तक्रार म्हणून नाही, तर सुनेच्या मनातली शंका काढून टाकायला. "बाजी, तुम्ही हिला सांगा, मुलं चालतात अशी."

मी विचारलं, "सुरुवातीपासून असाच चालतो का?"

दादी "हो" म्हणाली. त्याची आई हळू आवाजात म्हणाली, "नाही. तीन वर्षांचा होईपर्यंत पूर्ण पाऊल टाकायचा. गेल्या वर्षापासून टाचा उचलल्या."

माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि तोच सगळ्यात कमी विचारला जातो. सगळे वय विचारतात. पण जे मूल आधी टाच टेकवून चालत होतं आणि नंतर चवड्यांवर गेलं, त्याला सवय म्हणून सोडून देता येत नाही, मग वय कितीही असो. सवय चालायला शिकतानाच लागते. नीट चाललेल्या मुलाला उगाच टाचा उचलाव्याशा वाटत नाहीत. त्याच्या स्नायूंत, मज्जासंस्थेत किंवा पायात कुठेतरी काहीतरी बदललेलं असतं.

मी त्याला फरशीवर बसवलं आणि बिस्किट उंच धरून उठायला सांगितलं. तो आधी ओणवा झाला. दोन्ही हात जमिनीवर, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि हातांनी स्वतःलाच वर ढकलत उभा राहिला. दादी हसली. "हे दादाजानचं शिकलाय. नमाजला त्यांच्या शेजारी उभा राहतो ना, ते सजद्यातून जसे उठतात तसाच उठतो."

दादाजान सत्तरीचे, गुडघे दुखणारे. घरात सगळ्यांना हे कौतुकाचं वाटत होतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. नकल करणारं मूल कुणाला आवडत नाही? पण नकल करणारं मूल फक्त नमाजेत तसं उठतं. हा मुलगा खेळताना, जेवणावरून, अंथरुणातूनही तसाच उठत होता. मांड्या आणि कंबरेचे स्नायू दुबळे झाले की असं उठावं लागतं. १८७९ मध्ये गोवर्स या इंग्रज डॉक्टरांनी या उठण्याचं वर्णन केलं, म्हणून आजही त्याला त्यांचं नाव आहे. त्याच्या पोटऱ्याही बघितल्या. जाडजूड, घट्ट, एखाद्या पहिलवानाच्या असाव्यात तशा. घरच्यांना ते ताकदीचं लक्षण वाटत होतं.

त्याची आई फाइल घेऊन आली होती. त्यात सहा महिन्यांपूर्वीच्या तापातला रक्ताचा रिपोर्ट होता. एसजीपीटी बरंच वाढलेलं. कुणीतरी यकृताला सूज असल्याचं सांगून तीन महिने सिरप दिलं होतं. कावीळ मात्र कधी झालीच नव्हती. एसजीपीटी आणि एसजीओटी हे पदार्थ यकृतात असतात तसे स्नायूंतही असतात. स्नायू झिजत असले तरी रक्तात ते वाढतात, आणि रिपोर्टवर मात्र "लिव्हर फंक्शन" असंच छापलेलं असतं. फाइलमध्ये दुसरा एक कागद होता, टाचेमागची शीर ऑपरेशनने लांब करण्याचा सल्ला. तारीखही ठरत आली होती.

मी त्यांना मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि चिठ्ठीत सीपीके तपासणीचा उल्लेख केला. साधी रक्ततपासणी आहे ही. या वयात तो आकडा दोन-तीनशेच्या आत असायला हवा. याचा पंधरा हजारांच्या वर आला. पुढे जनुकीय तपासणीत डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी निश्चित झाली. स्नायूंना जपणारं एक प्रथिन या मुलांच्या शरीरात तयारच होत नाही.

ऑपरेशन थांबलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डुशेनच्या मुलाची पोटरी आखडते हे खरं, पण तो चवड्यांवर चालतो त्याला आणखी एक कारण असतं. मांडीचे स्नायू गुडघा धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून तो शरीराचा भार पुढे टाकून गुडघा अडकवून ठेवतो. वाकडं दिसणारं ते चालणं म्हणजे त्याचा आधार असतो. शीर नको त्या वेळी जास्त सैल केली तर टाच टेकेल, पण गुडघा मुडपेल आणि चालतं मूल बसून राहू शकेल. म्हणून कारण कळण्याआधी पायावर काही करू नये, अगदी जोर लावून मालिशसुद्धा.

निदान झाल्यावर घरात जे झालं ते लिहायला नको वाटतं, पण आपल्या समाजासाठी लिहायलाच हवं. मुलाचे आई-वडील आतेभाऊ-मामेबहीण. नातेवाईकांनी लगेच निकाल दिला की जवळच्या नात्यातल्या लग्नाने हे झालं. आणि डॉक्टरांनी "आईकडून येतं" म्हटल्यावर बोट सुनेकडे वळलं. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. डुशेनचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला एकच एक्स मिळतो, तो आईकडून. वडील आतेभाऊ असोत की परगावचे अनोळखी, त्याने फरक पडत नाही. शिवाय साधारण तीनातल्या एका मुलात हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि असला तरी तो तिने कमावलेला नसतो. स्नायूंचे दुसरे काही आजार मात्र दोन्हीकडून दोष आल्याशिवाय होत नाहीत, आणि त्यांत नात्यातल्या लग्नाने धोका खरोखर वाढतो. मी नात्यातल्या लग्नांची वकिली करत नाही. पण एका आजाराचा दोष दुसऱ्यावर लादून एका बाईला रोज रडवणं हा जुलूम आहे, आणि त्यामुळे खरी कामं मागे पडतात. आईची तपासणी, धाकट्या बहिणीची मोठेपणी तपासणी, पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला, ही ती कामं.

सगळीच काळजीची कारणं अशी दुर्मीळ नसतात. माझ्याकडे जास्त येतात ती दिवस भरण्याआधी जन्मलेली, काचेच्या पेटीत राहिलेली मुलं. त्यांच्या पायांत ताठरपणा असतो, लंगोट बदलताना मांड्या उघडत नाहीत, उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. एकाच पायाची टाच उचलणारं मूलही थांबवून ठेवायचं नाही. ते एक हात मुठीत ठेवतंय का, वर्षाच्या आतच एकाच हाताने सगळं घेतंय का, हे पाहायचं. चवड्यांवर चालण्याबरोबर मूल बोट दाखवत नसेल, नावाने वळत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर पायांपेक्षा त्या गोष्टींची तपासणी आधी. नुसत्या चवड्यांवर चालण्याने स्वमग्नता ठरत नाही, हेही तितकंच खरं.

आणि तीन वर्षांनंतरही चालूच असेल, बाकी सगळं ठीक असलं तरी, एकदा घोटा मोजून घ्यावा. मूल उताणं, गुडघा सरळ, टाच हातात धरून पाऊल हळूच नडगीकडे न्यायचं. काटकोनाच्या पुढे दहा अंश तरी यायला हवं. काटकोनापर्यंतही येत नसेल तर सवयीने खरोखर शीर आखूड केली आहे. मग व्यायाम, रात्रीची पट्टी, आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचं प्लास्टर, असा रस्ता असतो. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पैशांची अडचण असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना सांगा, ते पुढे जिल्हा पातळीवर पाठवतात.

तो मुलगा आता सात वर्षांचा आहे. स्टेरॉइड चालू आहे, रात्री पट्ट्या बांधतो, चवड्यांवरच चालतो आणि चालतो. दादाजान आता खुर्चीवर नमाज पढतात, तो त्यांच्या शेजारी छोट्या खुर्चीवर बसतो.

गेल्या महिन्यात दादी पुन्हा आली, दुसऱ्या मुलाच्या दीड वर्षाच्या मुलीला घेऊन. चेहरा उतरलेला. पोरगी चवड्यांवर चालत होती. मी तिच्यापुढे जमिनीवर चेंडू टाकला. ती उकिडवी बसली, दोन्ही टाचा फरशीला टेकलेल्या, आणि हात न लावता उठून पळाली. मी सांगितलं, घरी जा, तीन वर्षांची होईपर्यंत थांबली नाही तर या.

"तरी पण मोजूनच घ्या, बाजी," दादी म्हणाली. मी मोजलं.