नवल आधी, दाखला सोबत

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर दर रविवारी 'तुम्हाला माहीत आहे का?' या नावाने एक छोटा मजकूर जातो. गेली दोन वर्षं तो मी लिहितो. इथे इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या मुलांना आपल्या गावाकडच्या चार गोष्टी कळाव्यात, एवढाच त्यामागे हेतू. मागच्या वर्षी लोणार सरोवरावरचा माझा मजकूर ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या मुलाने शाळेत वर्गासमोर सांगितला. बाईंनी अगदी सहज विचारलं, "हे कुठे वाचलंस?" पोरगा म्हणाला, "आईच्या फोनवर." वर्ग हसला आणि तो खाली बसला.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. "अरे, तूच पाठवलेलं ना ते? मग सांग ना, कुठून घेतलंस?"

मला सांगता येईना. मला तो कुणीतरी पाठवला होता, मी दोन वाक्यं सारखी करून पुढे ढकलला होता. मूळ मजकूर साधारण असा होता:

"तुम्हाला माहीत आहे का? आपल्या महाराष्ट्राला निसर्गाचं भरभरून वरदान लाभलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर हा असाच एक चमत्कार! ५० हजार वर्षांपूर्वी इथे उल्का कोसळली. बेसॉल्ट खडकातलं हे जगातलं एकमेव विवर आहे. इथलं पाणी खारट आहे आणि ते रंगही बदलतं. नासाचे शास्त्रज्ञही थक्क झाले आहेत! अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा."

असा मजकूर तुमच्याही फोनवर आला असेल. यात दोन मोठे दोष आहेत, आणि ते दुरुस्त करता येतात. मी ते कसे केले ते सांगतो.

पहिला दोष, नवलाची गोष्ट सापडतच नाही. फोनवर निरोप येतो तेव्हा वरच्या पट्टीत पहिले सात-आठ शब्दच दिसतात. त्यावरून माणूस उघडायचं की नाही ते ठरवतो. माझे पहिले सात-आठ शब्द होते 'तुम्हाला माहीत आहे का? आपल्या महाराष्ट्राला निसर्गाचं भरभरून…' यात लोणारचं नावसुद्धा नाही. आमच्या धंद्यात प्रोग्रॅममध्ये बदल केला की त्याची नोंद लिहितात, आणि तिची पहिली ओळ साधारण पन्नास अक्षरांत बसवावी असा संकेत आहे. कारण यादीत फक्त तेवढीच ओळ दिसते. कामावर हे रोज पाळणारा मी, रविवारी मात्र प्रस्तावना लिहीत बसलो होतो.

पण नवल म्हणजे नेमकं काय? त्यासाठी वाचणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे ते पाहावं लागतं. लोणार उल्केने झालं हे मराठी माणूस शाळेपासून ऐकत आलाय. ते त्याला पुन्हा सांगून तो चमकणार नाही. म्हणून मी मूळ संशोधनाकडे गेलो.

१९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा लोणारवरचा लेख आला. लोणारचा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा, हा वाद त्याआधी बरीच वर्षं चालू होता. या मंडळींना तिथल्या दगडांत जबर आघाताच्या खुणा सापडल्या. खनिजांचे स्फटिक धक्क्यानेच काचेसारखे झालेले होते, आणि असं व्हायला जेवढा दाब लागतो तेवढा ज्वालामुखीत निर्माण होत नाही. शिवाय तिथे काचेचे बारीक गोळे मिळाले. आघाताने खडक वितळतो, त्याचे थेंब हवेत उडतात आणि खाली पडेपर्यंत गोठून गोल होतात. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांत जवळपास तसेच गोळे आहेत, हे त्या लेखाने दाखवून दिलं. कारणही सरळ आहे. चंद्राचे जे काळे डाग आपण अंगणातून बघतो ते बेसॉल्टचे आहेत, आणि आपला दख्खनचा काळा पाषाणही बेसॉल्टच.

हे मला माहीत नव्हतं. इथे माझं नवल सापडलं. उत्साहाच्या भरात मी पहिली ओळ लिहिली, 'लोणारमध्ये चंद्रावरची काच!' आणि ती मेहकरला काकांना पाठवली. काका भूगोलाचे निवृत्त शिक्षक, लोणार त्यांच्या घरापासून जवळच. त्यांचा लगेच फोन.

"अरे, चंद्रावरची काच लोणारात कशी येईल? चंद्रावरच्यासारखी म्हण."

"काका, पण 'सारखी' म्हटलं की जोर कमी होतो हो."

"जोर कमी होऊ दे. खोटं तरी होणार नाही."

काकांचं म्हणणं पटलं, आणि नवल पुढे आणताना नेमका हाच धोका असतो. वाक्य आखूड करताना आपण पहिल्यांदा कापतो ते 'सारखी', 'साधारण', 'तोपर्यंतच्या माहितीनुसार' असे शब्द. पण खरेपणा त्या शब्दांतच असतो. तेव्हा नवल पहिल्या ओळीत आणायचं असेल तर त्याला बांधलेला शब्दही त्याच ओळीत यायला हवा. 'खुलासा खाली वाचा' चालत नाही, कारण खाली कुणी जात नाही.

दुसरा दोष दाखल्याचा. 'नासाचे शास्त्रज्ञ थक्क झाले' हा दाखला नाही. कोण, कुठे, केव्हा, यातलं त्यात काहीच नाही. दाखला नसला की काय होतं ते 'जगातलं एकमेव' या शब्दांवरून बघा. हे कुणी मनाने रचलेलं नाही. १९७३ च्या त्याच लेखात, बेसॉल्टमधलं पृथ्वीवरचं ज्ञात असलेलं हे एकच आघात-विवर आहे, अशा अर्थाचं विधान आहे. त्या दिवशी ते बरोबर होतं. पुढे ब्राझीलच्या दक्षिण भागात, तिथल्या बेसॉल्टच्या पठारावर, वार्झियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही दोन विवरं ओळखली गेली. ती लोणारपेक्षा मोठी आहेत, पण पार झिजलेली. म्हणजे 'एकमेव' हा शब्द जुना झाला. आपण मात्र त्यावरचं साल पुसून तो पन्नास वर्षं फिरवत राहिलो. मजकुराखाली 'सायन्स, १९७३' एवढं जरी असतं तरी कुणालाही शंका आली असती की मधल्या काळात आणखी काही सापडलं असेल.

वयाचंही तसंच. 'पन्नास हजार वर्षं' हा आकडा १९९७ च्या एका संशोधनाशी जुळतो. त्यात काचेसारख्या झालेल्या दगडाला तापवून बाहेर पडणारा प्रकाश मोजला होता, आणि वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं. २०११ साली जुर्दां आणि सहकाऱ्यांनी 'जिऑलॉजी'मध्ये वेगळ्या पद्धतीने काढलेलं वय छापलं. दगड वितळून गोठल्यावर पोटॅशियमपासून त्यात जो आर्गॉन वायू साठत जातो, त्यावरून त्यांनी हिशोब केला. त्यांचं उत्तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन उत्तरांत दहापटीचा फरक! आता नुसता 'पन्नास हजार' लिहिला तर वाचणाऱ्याला हा फरक कळायला मार्गच नाही. नवा आकडा तेवढा लिहून जुना गाळणंही बरं नाही, कारण जुनाच आकडा लोकांच्या तोंडी आहे आणि ते तुम्हालाच चूक म्हणतील. अशा वेळी दोन्ही आकडे सालासकट द्यावेत.

खारट पाणी आणि रंग बदलणं मी काढून टाकलं. एका मजकुरात एकच नवल राहू दिलं, की दाखलाही नेमका कशाचा ते कळतं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आणि ते मिठाच्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं. ते त्याच्या पुढच्या रविवारी स्वतंत्र दिलं, त्या संस्थेच्या नावासह.

मग लोणारचा मजकूर असा झाला:

"लोणारला चंद्रावरच्यासारखे काचेचे गोळे सापडले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातलं हे सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालं. आघाताने वितळलेल्या खडकाचे थेंब हवेत गोठले. अपोलोने आणलेल्या नमुन्यांत तसेच गोळे आहेत, कारण चंद्राचे काळे डागही बेसॉल्टचेच. बेसॉल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत. वय: १९९७ च्या संशोधनानुसार सुमारे ५२ हजार वर्षं, २०११ च्या संशोधनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार. दाखला: गोळ्यांसाठी फ्रेड्रिक्सन आणि सहकारी, 'सायन्स', १९७३, नव्या वयासाठी जुर्दां आणि सहकारी, 'जिऑलॉजी', २०११."

लांबी थोडी वाढली, पण फार नाही. 'वरदान', 'चमत्कार', 'थक्क' गेले आणि त्या जागेत दाखला मावला. दाखला मी मजकुरातच लिहितो, नुसती लिंक देत नाही. लिंक पुढे मरते, आणि लोक मजकूर उचलताना ती गाळतातही. फोटोवर लिहिलेला मजकूर असेल तर दाखला फोटोवरच हवा, कारण फोटो पुढे जातो तेव्हा खालच्या ओळी अनेकदा मागेच राहतात.

एक मर्यादाही सांगतो. दाखला लिहिला म्हणजे मजकूर खरा ठरला, असं नाही. कुठल्याही थापेखाली नियतकालिकाचं नाव चिकटवता येतं. म्हणून नाव लिहिण्याआधी तो लेख, निदान त्याचा सारांश, स्वतः उघडून माझं वाक्य तिथे आहे का ते बघतो. नसेल तर ते वाक्य जातं, कितीही आवडलेलं असो. या सवयीमुळे आता दर रविवारी मजकूर जमतोच असं नाही. ज्या रविवारी जमत नाही, त्या रविवारी मी काहीच पाठवत नाही. ग्रुपमधल्या काही ज्येष्ठांना हे आवडत नाही. "एवढं काय, आपल्याच माणसांत तर चाललंय," असं ते म्हणतात.

पण ते आपल्या माणसांत थांबत नाही. परदेशात आपला अभिमान सगळ्यात आधी आपल्या मुलांच्या तोंडून बाहेर पडतो, आणि तोही अनोळखी वर्गासमोर. 'जगातलं एकमेव' म्हणताना आपल्याला इथे बसून बरं वाटतं. प्रश्न मात्र त्या पोराला विचारला जातो.

सुधारलेला मजकूर मी त्या मैत्रिणीला पाठवला आणि मुलाची माफीही मागितली. त्याने तो घेऊन वर्गात पुन्हा बोलायची परवानगी मागितली. या वेळी त्याने सुरुवात काचेच्या गोळ्यांपासून केली, असं त्याच्या आईने सांगितलं. "कुठे वाचलंस?" हा प्रश्न यायच्या आधीच त्याने साल सांगून टाकलं. मग एका मुलीने विचारलं की दोन वयांत एवढा फरक कसा, आणि त्यावर बाईंसकट सगळा वर्ग बोलत राहिला.