भात की भाजी? सगळे गुंठे सारखे नसतात

गेल्या वर्षी सहावीच्या चाचणीत मी एक उदाहरण घातलं होतं. एका शेतकऱ्याकडे ४० गुंठे जमीन आहे. पावसाळ्यात सगळीकडे भात लावला तर १४ क्विंटल भात होतो, सगळीकडे भाजी लावली तर २५ क्विंटल भाजी होते. निम्म्या जमिनीत भात आणि निम्म्या जमिनीत भाजी लावली तर प्रत्येकी किती उत्पन्न येईल? उत्तर सरळ आहे, ७ आणि साडेबारा. जवळजवळ सगळ्यांनी तेच लिहिलं. एका मुलाने मात्र लिहिलं, ‘निम्मी कुठची ते सांगा, मग सांगतो.’ मला तो आगाऊपणा वाटला. मी शून्य गुण दिले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. भांडायला नाही, समजावून सांगायला. म्हणाली, “बाई, तो खरंच विचारत होता. आमच्या खालच्या खाचरात पाणी साचतं, तिथे भेंडी लावली तर मुळं कुजतात. आणि वरच्या उतारावर भात लावला तर पाणी थांबतच नाही.”

आमची शाळा कोकणातली. इथे ज्याची शेती आहे त्याला हे माहीत असतं. मलाही माहीत होतं, पण फळ्यासमोर उभी राहिले की मी ते विसरते. त्रैराशिक शिकवताना आपण एक गोष्ट न बोलता गृहीत धरतो, की प्रत्येक गुंठा दुसऱ्या गुंठ्यासारखाच आहे. हीच मुलं पुढे अर्थशास्त्र घेतात तेव्हा त्यांना ‘उत्पादन शक्यता वक्र’ भेटतो. मर्यादित साधनांत दोन वस्तूंचे जास्तीत जास्त कोणकोणते मेळ बसू शकतात ते दाखवणारी ती रेषा. ती बाहेरच्या बाजूला फुगलेली असते एवढं मुलं पाठ करतात. का फुगलेली, हे विचारलं की गप्प. माझं मत असं आहे, की हे सहावी-सातवीतच शेतावरून शिकवावं, कारण इथल्या मुलांना त्याचं कारण आधीच ठाऊक असतं.

मी वर्गात ते असं केलं. तेच ४० गुंठे घेतले, पण १० गुंठ्यांचे चार तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात काय पिकेल ते मुलांनी घरी विचारून आणलं आणि आम्ही आकडे सोयीसाठी गोल केले. सगळ्यात वरचा वरकस उतार: तिथे भात फक्त २ क्विंटल, पण काकडी, दोडकी, भेंडी मिळून १० क्विंटल. त्याच्या खालचा तुकडा: भात ३ किंवा भाजी ८. त्याखालचं खाचर: भात ४ किंवा भाजी ५. आणि अगदी खाली वहाळाकाठचं पाणथळ खाचर: भात ५ किंवा भाजी जेमतेम २. बेरीज करा, भाताची १४ आणि भाजीची २५ येते. म्हणजे माझ्या चाचणीतलंच शेत.

आता सगळीकडे भात आहे असं धरू आणि एकेक तुकडा भाजीला देऊ. पहिला कुठला द्यायचा? सगळा वर्ग ओरडला, “वरचा!” वरचा दिला की भात १४ वरून १२ होतो आणि भाजी १० मिळते. दुसरा दिला की भात ९, भाजी १८. तिसरा दिला की भात ५, भाजी २३. शेवटचाही दिला की भात शून्य, भाजी २५. हे पाचही बिंदू आलेखावर मांडा, आडवी भाजी, उभा भात, आणि जोडा. रेषा बाहेर फुगते.

फुगते का, ते किंमत काढली की कळतं. इथे रुपये नकोत, भातातच मोजायचं. वरच्या तुकड्यात १० क्विंटल भाजीसाठी २ क्विंटल भात सोडला, म्हणजे एक क्विंटल भाजी २० किलो भाताला पडली. दुसऱ्या तुकड्यात ती साडेसदतीस किलोला पडते, तिसऱ्यात ८० किलोला. वहाळाकाठी तर एक क्विंटल भाजीसाठी अडीच क्विंटल भात सोडावा लागतो. यालाच संधी-खर्च म्हणतात. भाजी वाढवत गेलो तसा तो चढत जातो, कारण आधी आपण भाताला नको असलेली जमीन देतो आणि मग भाताची हक्काची जमीन द्यायला लागतो. सगळे तुकडे एकसारखे असते तर संधी-खर्च बदललाच नसता आणि रेषा सरळ आली असती. माझ्या चाचणीतल्यासारखी!

मग मी मुद्दाम उलटं केलं. पहिला तुकडा वहाळाकाठचा दिला. भात राहिला ९, भाजी मिळाली २. एका मुलीने लगेच आलेखावर बोट ठेवलं, “बाई, ९ भात तर मघाशीही होता, तेव्हा भाजी १८ होती!” तो बिंदू रेषेच्या आत, खूप आत पडला. जमीन तीच, चुकलं फक्त कुठे काय लावलं ते. रेषेवर उभं असताना एक वाढवायला दुसरं सोडावंच लागतं. आत असलो तर काही न सोडताही जास्त मिळू शकतं. आणि त्या मुलाचा प्रश्नही इथेच सुटतो. वरची निम्मी जमीन भाजीला दिली तर ९ भात आणि १८ भाजी, खालची निम्मी दिली तर ५ भात आणि ७ भाजी. माझं ‘७ आणि साडेबारा’ दोन्हींत नाही.

वर्गात एक अडचण आली, ती सांगते, कारण तुमच्याकडेही येईल. “भात कापल्यावर त्याच जमिनीत भाजी करतात की, मग सोडायचं कशाला?” खरं आहे. म्हणून ही रेषा एका हंगामाची धरायची. दिवाळीनंतरच्या भाजीची रेषा वेगळी, तिथे अडचण जमिनीची नसून पाण्याची असते. आणि पावसाळ्यातसुद्धा नुसती जमीन पुरत नाही. लावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं चिखलात असतात, तेव्हा मांडव कोण घालणार? माणसं कमी असली तर रेषा आणखी आत येते.

राहिलं एकच. ही रेषा काय जमू शकतं ते सांगते, काय करावं ते सांगत नाही. समजा भात आणि भाजी दोन्ही किलोला २० रुपये आहेत. मग तिसऱ्या तुकड्यातही भाजी परवडते, कारण ८० किलो भात सोडून १०० किलो भाताइतके पैसे येतात. भाजी १० रुपयांवर आली की ती ५० किलो भाताइतकीच, मग दुसऱ्या तुकड्यावर थांबलेलं बरं. हे गणित मांडून मी त्या मुलाला विचारलं, तुमच्याकडे काय करतात? तो म्हणाला, “वरती भाजी, गणपतीत भाव असतो म्हणून. बाकी सगळा भात. आजी म्हणते, आधी वर्षाचा भात घरात येऊ दे.” घरी खायला किती लागतो ते विचारलं, तर त्याने बोटांवर मोजून १२ क्विंटल सांगितलं. म्हणजे त्याची आजी पहिल्या तुकड्यावर थांबते, आणि रेषेवरच थांबते.

चाचणीचे गुण मी बदलले. पुढच्या चाचणीत प्रश्न तोच ठेवलाय, फक्त चार तुकड्यांचं कोष्टक जोडलंय.