मेलाटोनिन घ्यायचे केव्हा?

औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन विक्रीत मेलाटोनिनच्या 3, 5 आणि 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या, तोंडात विरघळणाऱ्या पट्ट्या आणि फळांच्या चवीच्या गमीज सर्रास मिळू लागल्या आहेत, आणि त्यांच्या वेष्टनांवर बहुधा ‘झोपण्यापूर्वी अर्धा तास’ एवढीच सूचना असते. तिच्याप्रमाणे गोळी घेऊनही झोप लागली नाही की 3 ची 5 आणि 5 ची 10 होते, कारण झोपेच्या इतर गोळ्यांचा अनुभव असा की मात्रा वाढवली की गुंगी वाढते. मेलाटोनिनला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, आणि तो का पडत नाही हे समजून घेतल्याशिवाय या औषधाचा खरा उपयोगही करून घेता येत नाही.

मेलाटोनिन हे मेंदूतील पिनिअल ग्रंथीत तयार होणारे संप्रेरक, म्हणजे रक्तातून शरीरभर संदेश नेणारे द्रव्य आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी 1958 मध्ये ते गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींतून वेगळे केले. ते झोप आणणारे द्रव्य आहे ही समजूत अपुरी ठरते, कारण रात्रभर जागून वावरणाऱ्या उंदरांच्या शरीरातही ते रात्रीच पाझरते. ते सांगते एवढेच की बाहेर अंधार पडला आहे आणि शरीराची रात्र सुरू झाली आहे. त्या रात्रीत झोपायचे की जागायचे, हे प्रत्येक प्राण्याची शरीररचना ठरवते. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या वर, हजारो पेशींचा एक पुंजका असतो. तेच शरीराचे जैविक घड्याळ. मेलाटोनिन या पेशींवरील ग्राहींना, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना चिकटते आणि घड्याळाला वेळ कळवते. देवळातील घंटेचा टोला कितीही जोरात दिला तरी वाजले किती ते बदलत नाही. तो भलत्या वेळी दिला तर मात्र ऐकणाऱ्याची वेळ चुकते.

मात्रेचा प्रश्न इथेच सुटू लागतो. दिवसा रक्तात मेलाटोनिन जवळजवळ नसते, नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन-तीन तास आधी, प्रकाश मंद असेल तर, ते वाढू लागते आणि मध्यरात्रीनंतर शिखर गाठते. तोंडाने घेतलेल्या मेलाटोनिनचा मोठा भाग यकृतातच नष्ट होतो, तरीही उरलेल्या भागामुळे अवघ्या 0.3 मिलिग्रॅमच्या मात्रेतही रक्तातील प्रमाण नैसर्गिक रात्रीच्या पातळीपर्यंत पोहोचू शकते. 3 किंवा 5 मिलिग्रॅमने ते नैसर्गिक शिखराच्या कितीतरी पट वर जाते. पण तोवर ग्राही बहुतांशी व्यापलेले असल्यामुळे वरचे मेलाटोनिन संदेशाला फारशी धार आणत नाही. ते वाढवते मुख्यतः संदेशाचा कालावधी. मेलाटोनिनचे रक्तातील अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण 45 मिनिटांचे असते. अर्ध्या मिलिग्रॅमऐवजी 10 मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट मात्रा घेतली, तर ते जादा मेलाटोनिन निपटण्यासाठी त्याला चारहून थोडे अधिक वेळा निम्मे व्हावे लागते आणि त्यात सुमारे सव्वातीन तास जातात. थोडक्यात, वीसपट मात्रेतून पदरात पडतात ते जास्तीचे सव्वातीन तास, आणि ते तास रात्रीच्या सुरुवातीला नव्हे तर शेवटी, पहाटेकडे जोडले जातात.

हे जास्तीचे तास निरुपद्रवी असते तर फार बिघडले नसते. पण मेलाटोनिनचा घड्याळावरील परिणाम दिवसाच्या वेळेनुसार उलटा होतो. शरीरातले मेलाटोनिन स्वतःहून वाढू लागण्याच्या काही तास आधी ते बाहेरून दिले तर घड्याळ पुढे सरकते, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येऊ लागतात. झोपेच्या उत्तरार्धात किंवा उठल्यानंतरच्या पहिल्या तासांत ते रक्तात असेल तर घड्याळ मागे पडते आणि पुढच्या रात्री झोप आणखी उशिरा येते. नेहमीच्या झोपेच्या वेळी घेतलेली गोळी या दोन टप्प्यांच्या मधल्या, कमी परिणामाच्या पट्ट्यात पडते. शिकागोच्या रश विद्यापीठातील हेलन बर्जेस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 0.5 आणि 3 मिलिग्रॅम या दोन मात्रांच्या घड्याळावरील परिणामाची तुलना प्रसिद्ध केली. तीन दिवस योग्य वेळी दिल्यावर लहान मात्रेने घड्याळ सुमारे दीड तास पुढे सरकले, तर सहापट मात्रेने ते थोडेसेच अधिक, दोन तासांच्या आतच सरकले.

मोठी मात्रा निष्प्रभ का ठरू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन येथील आल्फ्रेड लुई यांच्या गटाने नोंदवले आहे. ज्यांना प्रकाशाची जाणीवच होत नाही अशा पूर्ण अंध व्यक्तींपैकी अनेकांचे जैविक घड्याळ सूर्याशी जुळत नाही. ते दिवसाला थोडे थोडे मागे पडत राहते आणि त्यांची झोप काही आठवड्यांच्या फेऱ्यात रात्रीकडून दिवसाकडे व पुन्हा रात्रीकडे फिरते. अशा सात जणांना रोज ठरल्या वेळी 10 मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्यावर सहा जणांचे घड्याळ 24 तासांवर स्थिरावले, सातव्याचे स्थिरावले नाही. त्याच्या घड्याळाचा फेरा सर्वांत लांब, म्हणजे 24.9 तासांचा होता, त्यामुळे त्याला अधिक जोर हवा असेल असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात 20 मिलिग्रॅमनेही त्याचे घड्याळ जुळले नाही आणि 0.5 मिलिग्रॅमने जुळले. 2002 च्या या निबंधात संशोधकांनी दिलेला खुलासा असा की मोठ्या मात्रेचे मेलाटोनिन रक्तात इतका वेळ टिकले असावे की त्याचा एक भाग घड्याळ पुढे ढकलत होता, तर दुसरा भाग चुकीच्या टप्प्यात सांडून ते मागे ओढत होता. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही हे खरे, परंतु मात्रा चाळिसाव्या हिश्शावर आणल्यावर उपाय लागू पडला, ही घटना ‘जास्त म्हणजे अधिक प्रभावी’ या गृहीतकाला थेट छेद देते.

हेच तत्त्व नेहमी दिसणाऱ्या तक्रारीला लावून पाहता येते. समजा, एका विद्यार्थ्याला रात्री अडीचच्या आधी झोप येत नाही, एकदा लागली की ती शांत असते, आणि गजर नसलेल्या दिवशी तो साडेदहाला ताजातवाना उठतो. त्याची झोप सदोष नाही, तिची वेळ मागे सरकलेली आहे. त्याच्या शरीरात मेलाटोनिन साडेबाराच्या सुमारास वाढू लागत असणार. त्याने दोन वाजता 10 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर ती त्याच्या रात्रीच्या सुरुवातीला काहीच साधत नाही, उलट तिचे शेपूट सकाळपर्यंत रेंगाळते आणि नेमक्या त्या वेळी घड्याळाला मागे ओढू लागते. याउलट 0.5 मिलिग्रॅम रात्री साडेनऊच्या आसपास, म्हणजे साडेबाराच्या तीन तास आधी घेतली, त्यानंतर घरातले प्रखर दिवे व डोळ्यांसमोरचा पडदा मंद ठेवला आणि उठल्यावर उजेडात बाहेर पडले, तर घड्याळ पुढे सरकू लागते. सुरुवातीला हा उजेड साडेदहाच्या सुमाराचाच हवा. एकदम सहाला उठून घेतलेला उजेड त्याच्या शरीराच्या दृष्टीने अजून मध्यरात्रीचा असतो आणि घड्याळ मागेच ढकलतो. झोप जसजशी लवकर येऊ लागेल तसतशी गोळीची आणि उठण्याची वेळही अर्ध्या-अर्ध्या तासाने अलीकडे आणायची असते, आणि झोप अकरावर आली की गोळी संध्याकाळी सहाच्या आसपास येते. इतकी लहान मात्राही काहींना सुस्त करते, म्हणून ती घेतल्यावर वाहन चालवू नये.

वेळ किंवा मात्रा चुकते आहे हे ओळखण्याच्या खुणाही आहेत. सकाळी डोके जड राहणे आणि उठल्यावर तासन्‌तास सुस्ती न जाणे या मात्रा मोठी असल्याच्या खुणा असू शकतात, तर काही दिवसांनी झोप आणखी उशिरा येऊ लागली तर गोळी फार उशिरा घेतली जात आहे असे समजावे. सुट्टीच्या दिवशीही झोप तुटक राहत असेल, अंथरुणावर पडताच काळजी सुरू होत असेल, तर मात्र दोष घड्याळाचा नसून निद्रानाशाचा असतो आणि तिथे मेलाटोनिनचा लाभ तुटपुंजा ठरतो. 2013 मध्ये 19 चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात औषधविरहित गोळीच्या तुलनेत झोप सरासरी सात मिनिटेच लवकर लागली होती. अशा निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याची मानसोपचारपद्धती हा पहिला उपाय मानला जातो.

एका आक्षेपाची दखल घेणे प्रामाणिकपणाचे आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात झोप आणण्याचा परिणाम 4 मिलिग्रॅमपर्यंत वाढत गेल्याचे दिसले. त्यामुळे अर्धा मिलिग्रॅम हेच सर्वांसाठी अंतिम उत्तर, असा आग्रह धरता येत नाही. परंतु त्याच विश्लेषणानुसार हा परिणाम 4 मिलिग्रॅमलाच शिखर गाठतो, आणि गोळी झोपण्यापूर्वी अर्धा तास घेण्यापेक्षा तीन तास आधी घेणे अधिक लाभाचे ठरते. म्हणजे 10 मिलिग्रॅमच्या गोळीला आधार तिथेही मिळत नाही आणि वेष्टनावरच्या अर्ध्या तासालाही मिळत नाही.

वेष्टनावरील आकडाही डोळे झाकून मानावा असा नाही. कॅनडातील संशोधकांनी 2017 मध्ये तपासलेल्या 31 उत्पादनांपैकी एकात लिहिल्यापेक्षा 83 टक्के कमी, तर दुसऱ्या एकात 478 टक्के अधिक मेलाटोनिन आढळले. यकृतात मेलाटोनिन फोडणाऱ्या विकराला फ्लुवॉक्सामिन हे नैराश्य आणि मंत्रचळावरील औषध अडवते आणि रक्तातील पातळी कितीतरी पट वाढवते. म्हणून अशी औषधे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भावस्था आणि लहान मुले यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मेलाटोनिन देऊ नये.

या सर्वांतून निघणारी मागणी साधी आहे. उत्पादकांनी अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सहज उपलब्ध करून द्यावी आणि ती कोणत्या तक्रारीसाठी, झोपेच्या किती तास आधी घ्यायची हे वेष्टनावर छापावे. डॉक्टर आणि औषधविक्रेते यांनी ‘किती मिलिग्रॅम घेता’ याआधी ‘गजर नसेल तर किती वाजता झोपता आणि किती वाजता उठता’ हे विचारावे. आणि गोळी लागू पडत नाही असे ज्याला वाटते, त्याने मात्रा दुप्पट करण्यापूर्वी ती निम्मी करून दोन-तीन तास अलीकडे आणावी. आठवड्या-दोन आठवड्यांत झोपेची वेळ हलली नाही, तर पुढचा टप्पा मोठी गोळी हा नसून निदानाची फेरतपासणी हा आहे.