विश्लेषण : घर भाड्याने, कर्ज सुरू… मग भाड्यावर कर किती? घरपट्टी, ३० टक्के आणि व्याजाचा हिशेब

भुसावळजवळच्या दीपनगरात महानिर्मितीचे औष्णिक विद्युत केंद्र आणि त्याची वसाहत आहे. वसाहतीत क्वार्टर मिळालेल्या कर्मचाऱ्याचे स्वतःचे घर भुसावळ शहरात असते, ते भाड्याने दिलेले असते आणि त्यावर गृहकर्जाचा हप्ताही सुरू असतो, ही इथली नेहमीची स्थिती. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे प्राप्तिकर विवरणपत्र भरताना अशा घराचे काय करायचे, हा प्रश्न मग जुलैमध्ये उभा राहतो. ‘हप्ता भाड्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे घर तोट्यात, मग कर कसला?’ असे म्हणून अनेक जण भाडे दाखवतच नाहीत. उलट काही जण हा तोटा पगारातून वजा होईल, असे गृहीत धरतात. पहिली समजूत चूक आहे. दुसरी अर्धीच बरोबर आहे आणि त्या अर्ध्यामुळेच अधिक नुकसान होते.

हिशेबाचा क्रम काय?

भाड्याच्या घराचे उत्पन्न तीन पायऱ्यांत काढतात आणि पायऱ्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी वर्षभराच्या भाड्यातून घरपट्टी वजा करायची. उरेल ते निव्वळ वार्षिक मूल्य. त्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. शेवटी त्या वर्षाचे गृहकर्जाचे व्याज वजा होते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असला, तरी २०२५-२६ चा हिशेब १९६१ च्या कायद्यानेच करायचा आहे. नव्या कायद्यातही या तीन पायऱ्या आहेत.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे भुसावळमध्ये घर आहे, भाडे महिना ९ हजार रुपये. प्रकल्पाच्या कामासाठी बाहेरून आलेला भाडेकरू काम संपल्यावर निघून गेला आणि घर दोन महिने रिकामे राहिले. वर्षाचे भाडे १ लाख ८ हजार व्हायला हवे होते, हातात आले ९० हजार. परिसरातल्या दराने मिळू शकणारे भाडे आणि प्रत्यक्ष भाडे यांतले जास्त ते धरावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र वर्षात काही काळ भाड्याने असलेले घर रिकामे राहिल्यामुळेच भाडे कमी आले असेल, तर प्रत्यक्ष भाडेच धरले जाते. म्हणून इथे ९० हजारच धरायचे. भाडेकरू गेल्याची तारीख दाखवणारा कागद किंवा बँक खात्यातल्या नोंदी जपून ठेवल्या म्हणजे पुढे प्रश्न आला तर उत्तर देता येते.

या घरमालकाने फेब्रुवारीत नगर परिषदेत घरपट्टी भरली : चालू वर्षाचे ५,२०० आणि मागच्या वर्षाचे थकलेले ४,८०० रुपये. दोन्ही मिळून १० हजार याच वर्षी वजा होतात. कारण घरपट्टी कोणत्या वर्षाची आहे हे पाहिले जात नाही, ती प्रत्यक्ष कधी भरली हे पाहिले जाते. बिल मार्चमध्ये हातात आले आणि पैसे एप्रिलमध्ये भरले, तर वजावट पुढच्या वर्षी गेली. आणखी एक अट अशी की, घरपट्टी मालकानेच भरलेली असावी. भाडेकरूने परस्पर भरली असेल, तर मालकाला ती वजा करता येत नाही. घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर तिथली घरपट्टीही चालते.

९० हजारांतून १० हजार गेले, उरले ८० हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे २४ हजार. राहिले ५६ हजार.

या ३० टक्क्यांवरून बराच गोंधळ होतो. ही वजावट दुरुस्ती, रंगकाम, विमा, भाडेवसुली, सोसायटीचा देखभाल खर्च अशा सगळ्या खर्चांच्या बदल्यात दिलेली आहे. वर्षभरात खिळाही ठोकला नाही तरी ३० टक्के मिळतात. छत गळले म्हणून ६० हजार खर्च झाले तरी ३० टक्केच मिळतात. त्यामुळे प्लंबरच्या पावत्या जमवून उपयोग नाही. विवरणपत्राच्या ऑनलाइन अर्जात हा आकडा आपोआप येतो, तो टाकावा लागत नाही. घरपट्टीचा रकाना मात्र स्वतः भरावा लागतो आणि तोच रिकामा राहतो.

व्याज म्हणजे हप्ता नव्हे

तिसऱ्या पायरीवर बँकेचे व्याज प्रमाणपत्र लागते. हप्त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतात आणि इथे वजा होते ते फक्त व्याज. बारा हप्त्यांची बेरीज करून ती व्याजाच्या रकान्यात टाकणे, ही या हिशेबातली सर्वाधिक होणारी चूक आहे. व्याज भरले की नाही यापेक्षा त्या वर्षाचे किती लागू झाले ते धरले जाते, त्यामुळे एखादा हप्ता चुकला म्हणून त्यातले व्याज बुडत नाही. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला जुन्या करप्रणालीत दोन लाखांची मर्यादा आहे. भाड्याच्या घराच्या व्याजाला अशी मर्यादा नाही.

आपल्या उदाहरणात व्याज १ लाख ७० हजार धरू. ५६ हजारांतून ते वजा केले की उत्तर येते उणे १ लाख १४ हजार. घराचे उत्पन्न ‘तोट्यात’ गेले. भाड्यावर कर शून्य, इथपर्यंत दोन्ही करप्रणालींत सारखेच. भाडे दाखवूनही कर लागत नाही. मग ते लपवण्यात काय मिळते, हा प्रश्नच आहे. फरक पडतो तो या १ लाख १४ हजारांचे पुढे काय होते, यात.

तोटा पगारातून वजा होतो का?

जुन्या करप्रणालीत होतो, वर्षाला कमाल दोन लाखांपर्यंत. त्यावर उरलेला तोटा पुढची आठ वर्षे घरापासूनच्या उत्पन्नातून वजा करता येतो. मात्र तोटा पुढे ओढायचा असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वजा होत नाही.

हे वाचून जुनी प्रणाली निवडण्याचा मोह होतो. तो आकड्यांत तपासून पाहावा. या कर्मचाऱ्याचा फॉर्म १६ मधला पगार १४ लाख धरू. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, २,५०० रुपये व्यवसाय कर, ८०सी खाली पूर्ण दीड लाख आणि घराचा तोटा १ लाख १४ हजार असे सगळे वजा केले, तर करपात्र उत्पन्न १० लाख ८३ हजार ५०० उरते. त्यावर उपकरासह कर होतो १ लाख ४३ हजार ५२ रुपये. घराच्या तोट्यामुळे यात ३५,५६८ रुपये वाचले, हे खरे.

नव्या प्रणालीत घराचा तोटा नाही, ८०सी नाही, फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट. करपात्र उत्पन्न १३ लाख २५ हजार. कर उपकरासह ८१,९०० रुपये. म्हणजे ३५ हजार वाचवण्यासाठी जुन्या प्रणालीत गेलेल्याचे ६१,१५२ रुपये जास्त गेले.

एरवी जुनी प्रणाली अनेक नोकरदारांना परवडते ती घरभाडे भत्त्याच्या सवलतीमुळे. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला तो भत्ताच नसतो. त्यामुळे दीपनगरच्या वसाहतीतल्या माणसाचा हिशेब पुण्यात भाड्याने राहणाऱ्या त्याच्याच बॅचमेटच्या हिशेबापेक्षा वेगळा येतो. सहकाऱ्याने कोणती प्रणाली निवडली हे पाहून आपली ठरवू नये, ते यासाठी. पगार आणखी कमी असेल तर प्रश्नच उरत नाही. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. प्रमाणित वजावट धरता १२ लाख ७५ हजार पगारापर्यंत काही देणे नाही, बशर्ते दुसरे उत्पन्न नसेल.

आणि ही ‘दुसरे उत्पन्न नसेल’ अट कर्ज संपत आलेल्यांना गाठते.

कर्ज सरत आले की…

सुरुवातीच्या वर्षांत व्याज इतके मोठे असते की घरपट्टी आणि ३० टक्के यांनी अंतिम करात काही फरक पडत नाही. कर्ज जुने झाले की व्याज घटते, भाडे वाढलेले असते आणि घर कागदावरही नफ्यात येते. समजा दुसऱ्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याचे घर बारा महिने ९ हजारांनी भाड्याने आहे. वर्षाचे भाडे १ लाख ८ हजार, घरपट्टी ५,२००. उरले १ लाख २ हजार ८००, त्यातून ३० टक्के म्हणजे ३०,८४० गेले, राहिले ७१,९६०. व्याज आता फक्त ४० हजार. घराचे उत्पन्न ३१,९६० रुपये.

त्याचा पगार १२ लाख ६० हजार. प्रमाणित वजावटीनंतर ११ लाख ८५ हजार, म्हणजे पगारापुरता कर शून्य. त्यात घराचे ३१,९६० मिळवले की उत्पन्न १२ लाख १६ हजार ९६० होते आणि शून्याची रेषा ओलांडली जाते. इथे सीमांत सवलत लागू होते : १२ लाखांवर जितके उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घेतला जात नाही. म्हणून कर १६,९६० रुपये, वर ४ टक्के उपकर.

रेषेच्या पलीकडे सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत ही गंमत आहे की, वाढलेला प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो. या माणसाने घरपट्टीचा रकाना रिकामा सोडला, तर त्याचे उत्पन्न ३,६४० रुपयांनी वाढते आणि करही तितक्याच, ३,६४० रुपयांनी वाढतो, उपकर वेगळा. ५,२०० रुपयांची पावती फाइलमध्ये राहून गेल्याची ही किंमत. हीच पावती पहिल्या उदाहरणातल्या कर्मचाऱ्याने नव्या प्रणालीत विसरली असती, तर त्याच्या करात एका पैशाचाही फरक पडला नसता.

मुदत चुकली तर?

नोकरदाराला जुनी प्रणाली निवडायची असेल, तर विवरणपत्र मुदतीत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, भरावे लागते. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात नवी प्रणालीच लागू होते आणि त्या वर्षीचा घराचा तोटा पगारातून वजा करण्याचा मार्ग बंद होतो. गृहकर्जाच्या व्याजासाठी बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, कर्ज मंजुरीची तारीख आणि शिल्लक रक्कमही भरावी लागते. बँकेचे प्रमाणपत्र जूनमध्येच काढून ठेवावे, कारण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ते सगळ्यांनाच एकदम हवे असते.