विश्लेषण : अँटिक, व्हिंटेज की नुसतेच जुने? वयाच्या रेषेवर किंमत कशी ठरते?

पुण्यातील जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फेरी मारली, तर ‘अँटिक पीस आहे साहेब’ हे वाक्य पितळी कुलपापासून टेलिफोनच्या डबड्यापर्यंत सगळ्याला चिकटलेले ऐकू येते. वाडे पाडून इमारती उभ्या राहताना माळ्यावरच्या वस्तू बाहेर पडतात आणि त्या विकायच्या की ठेवायच्या, हा प्रश्न घरोघरी पडतो. तिथे शब्दांची गल्लत महागात पडू शकते. कारण यातील एका शब्दामागे कायदा आहे, एकामागे काही बाबतीत नियम आहे आणि एकामागे केवळ हौस आहे.

अँटिक कशाला म्हणायचे?

जगभरच्या व्यापारात शंभर वर्षे ही अँटिकची रूढ रेषा आहे. ती कलेच्या इतिहासातून नव्हे, तर जकातीतून आली. अमेरिकेने १९३० च्या जकात कायद्यात १८३० पूर्वीच्या वस्तूंना करमाफी दिली होती. पुढे १९६६ मध्ये ठरावीक साल काढून शंभर वर्षांची अट आली. भारतात १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. नाणे, मूर्ती, चित्र किंवा कारागिरीची वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असेल, तर ती ‘पुरावस्तू’. वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा कलात्मक मूल्य असलेल्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे २०२६ मध्ये १९२६ किंवा त्याआधीच्या वस्तू या रेषेच्या पलीकडे जातात. ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते.

शंभरी ओलांडली की किंमत वाढते का?

आपोआप नाही. मळवलीचे उदाहरण घेऊ. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, पण त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती त्यानंतरही अनेक दशके छापली जात राहिली. त्यामुळे चित्र कधी रंगवले, यावरून तुमच्या देवघरातील प्रतीचे वय ठरत नाही. ती प्रत कधी छापली, हे पाहावे लागते. एकच लक्ष्मी दोन घरांत असेल, पण एक प्रत १९१० ची आणि दुसरी १९३५ ची असेल, तर पहिली शंभरीपार आहे आणि दुसरी नाही.

ओळखायचे कसे? भिंग घ्या. दगडावरून छापलेल्या जुन्या ओलिओग्राफमध्ये रंगांचे ठिपके हाताने टाकल्यासारखे, विस्कळीत दिसतात. अलीकडच्या ऑफसेट नकलेत ते ओळीने, जाळीसारखे मांडलेले असतात. खालच्या कडेला छापखान्याचे नाव आणि ठिकाण असेल, तर काळाचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच फ्रेममध्ये बसवण्यासाठी ती कड कापलेली प्रत कमी भावाने जाते. चित्र तेच असते, पण पुरावा गेलेला असतो.

कायदा आडवा कुठे येतो?

इथे वय वाढल्याने किंमत उलट अडते. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारला किंवा त्याने अधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. खासगी व्यक्तीने निर्यात केली, तर तुरुंगवासाची तरतूद आहे. परिणामी शंभरीपार वस्तूला परदेशी ग्राहक कायदेशीरपणे उरत नाही. तिचा बाजार देशापुरता मर्यादित होतो. न्यू जर्सीतील लेकीला आजीची शंभरीपार पितळी मूर्ती कुरिअरने पाठवणे हीसुद्धा निर्यातच ठरते. शिवाय दगड, धातू, हस्तिदंत यांच्या शंभरीपार मूर्तींसारख्या काही वर्गांची पुरातत्त्व विभागाकडे नोंदणी करावी लागते. पुरावस्तूंचा धंदा करण्यासाठी परवाना लागतो. उलट, जुनी दिसणारी पण शंभरीच्या आतली वस्तू बाहेर पाठवायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञ समितीकडून मिळवता येते. रविवर्मांच्या अस्सल चित्रांची गोष्ट वेगळी. ती ‘कलानिधी’ म्हणून जाहीर असल्याने वय न मोजताही त्यांची निर्यात बंद आहे.

मग व्हिंटेज म्हणजे काय?

फर्निचर, कपडे, घड्याळे यांच्याबाबत या शब्दाला आपल्याकडे कायदेशीर व्याख्या नाही. हस्तकलेच्या वस्तू विकणारे ‘एट्सी’ हे संकेतस्थळ वीस वर्षांवरील वस्तूला व्हिंटेज म्हणू देते. वाहनांसाठी मात्र केंद्राने २०२१ मध्ये नियम केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते.

आकुर्डीत बनलेल्या बजाज चेतकवर हा नियम लावून पाहू. चेतक १९७२ मध्ये आली. त्यामुळे १९७५ साली नोंदलेली स्कूटर आज वयात बसते, १९८० ची बसत नाही. पण वय ही पहिलीच पायरी आहे. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. चेतक अडते ती इथेच. घरातली रोजची गाडी म्हणून तिने वर्षानुवर्षे काम केले, त्यात अनेकांनी नंतरच्या मॉडेलचे इंजिन बसवून घेतले. म्हणून विकत घेताना आधी चासीवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळतो का, ते तपासावे. रंग नंतरही देता येतो, क्रमांक जुळवता येत नाही.

खर्चही मोजावा. व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे, ती दहा वर्षे टिकते आणि नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. बदल्यात गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मंडईतून भाजी आणायला ती चालत नाही. त्यामुळे रोज स्कूटर वापरू इच्छिणाऱ्याच्या दृष्टीने या शिक्क्याने तिची उपयुक्तता घटते. किंमत वाढते ती फक्त संग्राहकाच्या नजरेत.

कलेक्टिबलला वयाची अट का नाही?

कारण तिथे वय नव्हे, मागणी मोजली जाते. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला आणि ‘जनता’, ‘पायलट’ या चावीच्या घड्याळांना नवे चाहते मिळाले. चाळीस वर्षांचे घड्याळ कायद्याने अँटिक नाही, पण मूळ तबकडी, काटे आणि यंत्र शाबूत असेल तर त्याला चांगले गिऱ्हाईक मिळते. नवा माल येणे थांबले, की जुन्या सुट्या भागांपासून ‘जोडघड्याळे’ तयार होतात. चकाकती, नव्याने रंगवलेली तबकडी हे त्याचे पहिले लक्षण. हा बाजार हौसेवर चालतो, त्यामुळे हौस ओसरली की भावही उतरतो. शंभरीची कायदेशीर रेषा तशी मागे जात नाही.

विकण्यापूर्वी काय करावे?

वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये. पितळेवरचा जुना थर, चित्राची मूळ फ्रेम, मागे चिकटवलेली दुकानाची चिठ्ठी यांतूनच वय सिद्ध होते. खरेदीची पावती, घरातील जुना फोटो, आरसी पुस्तक वस्तूसोबत ठेवावे. आणि विक्रेता ‘अँटिक’ म्हणाला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा : कोणत्या सालची, आणि ते कशावरून? उत्तर मिळाले नाही, तर समोर जुनी वस्तू आहे एवढेच खरे, आणि भावही तेवढाच द्यावा.